फोटोतलं गणित: कमाल किंमत किमान किमतीपेक्षा लहान कशी?

मृण्मयी_इंदिरानगर

लेक बारावी सायन्सला आहे. काल रात्री मैत्रिणीच्या झेरॉक्स नोट्समधून तिने एका गणिताचा फोटो काढून आणला, तो खाली जोडलाय. लाइट गेलेली होती, बॅटरीच्या उजेडात काढलाय, त्यामुळे डावीकडे अंगठ्याची सावली पडलीय आणि बांधणीपाशी पान वळलंय. खालची ओळही अर्धी कापली गेलीय. फंक्शनच्या कमाल आणि किमान किमती काढा, असं विचारलंय. मला वाचता आलं ते एवढं:

```
f(x) = x^5 - 5x^4 + 5x^? - 1
```

प्रश्नचिन्हाच्या जागी २ आहे की ३, ते कळत नाही. लेकीने ३ धरलं. तिला x = 0, 1, 3 हे तीन बिंदू मिळाले. मग दुसरा डेरिव्हेटिव्ह काढून तिने उत्तर लिहिलं: कमाल किंमत उणे १०, किमान किंमत ९०, आणि शून्यापाशी "टेस्ट फेल".

माझं गणित बी.कॉम.ला संपलं. पण कमाल ही किमानपेक्षा लहान कशी येईल, हे काही मला पटेना. ती म्हणते, "आई, तुला नाही कळणार, सरांनी असंच शिकवलंय." आत्ता क्लासला गेलीय. ती घरी यायच्या आत कोणी सांगेल का, नक्की कोण चुकतंय?

नुसता_वाचक

फोटो मोठा करून बघितला. त्या घातांकाची वरची बाजू सपाट दिसते आणि खाली शाई फुटलीय. डोळ्यांनी ठरवायचं तर मी काही पैज लावणार नाही. म्हणून दोन्ही धरून बघितलं.

२ धरलं तर पहिला डेरिव्हेटिव्ह असा येतो:

```
f'(x) = 5x^4 - 20x^3 + 10x = 5x(x^3 - 4x^2 + 2)
```

आता कंसातलं शून्य कधी होतं ते शोधायचं. त्याला पूर्णांकी उत्तर असेलच तर ते २ चा विभाजक असणार, म्हणजे १, २, उणे १, उणे २ यांपैकीच एक. चारही घालून बघितले: उणे १, उणे ६, उणे ३, उणे २२. एकही शून्य नाही. तिथेच गाडी अडते, पुढे कॅल्क्युलेटरशिवाय काही हाती लागत नाही.

३ धरलं तर:

```
f'(x) = 5x^4 - 20x^3 + 15x^2 = 5x^2 (x - 1)(x - 3)
```

इतकं सुबक सुटतंय म्हणजे ते ३ च असावं. तुमच्या लेकीने बरोबर वाचलंय.

खडूफळा

वाचकराव, गणित सुबक सुटलं म्हणून वाचन बरोबर, हा पुरावा नव्हे, फक्त वजनदार संशय आहे. पस्तीस वर्षं पेपर काढले, त्यात छपाईच्या चुकीमुळे न सुटणारी गणितंही पोरांच्या माथी मारलीत. मूळ कागद कोणाकडे असेल तर बघून घ्या. तोवर ३ धरू.

मृण्मयीताई, मुलीच्या वहीचा दुसरा फोटो बघितला. तिचा डेरिव्हेटिव्ह बरोबर, बिंदू बरोबर, दुसरा डेरिव्हेटिव्हसुद्धा बरोबर आहे:

```
f''(x) = 20x^3 - 60x^2 + 30x
f''(1) = -10
f''(3) = 90
```

चूक यानंतर झालीय. उणे १० ही कमाल किंमत नाहीच. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की x = 1 पाशी वक्र खाली वाकलाय, म्हणजे तिथे टेकडी आहे. टेकडीची उंची किती हे त्याला ठाऊक नसतं. ९० चंही तसंच. तिथे खळगा आहे एवढंच कळलं. उंची आणि खोली हवी असेल तर मूळ f मध्ये जाऊन किंमत घालावी लागते:

```
f(1) = 1 - 5 + 5 - 1 = 0
f(3) = 243 - 405 + 135 - 1 = -28
```

कमाल किंमत शून्य, किमान किंमत उणे २८. दरवर्षी वर्गातली निम्मी पोरं दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची किंमत उत्तर म्हणून खाली चौकटीत लिहायची. मी "वाकण्याला उंची समजू नका" असं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचो, तरी लिहायचीच.

मृण्मयी_इंदिरानगर

सर, धन्यवाद! म्हणजे माझी शंका बरोबर होती तर. आता तिला सांगते, आईला कळतं म्हणून.

खडूफळा

शंका कामाला आली, पण कारण चुकीचं होतं हो. कमाल किंमत किमान किमतीपेक्षा लहान असूच शकत नाही, असा नियम नाही. x + 1/x घ्या. x = -1 पाशी तिची कमाल उणे २ आहे आणि x = 1 पाशी किमान २ आहे. कमाल खाली आणि किमान वर! दोन्ही अगदी नियमाने बरोबर. मध्ये शून्यापाशी फंक्शन तुटलंय, त्यामुळे डावीकडची टेकडी उजवीकडच्या खळग्याच्या खाली बसू शकते. या शब्दांचा अर्थ "आपल्या शेजाऱ्यांत सगळ्यांत उंच" आणि "आपल्या शेजाऱ्यांत सगळ्यांत खोल" एवढाच धरायचा. गावात सगळ्यांत उंच असा नाही.

लेकीला हे उदाहरण दाखवा, नाहीतर पुढच्या वेळी ती बरोबर उत्तर खोडेल.

मृण्मयी_इंदिरानगर

अरे देवा. बरं झालं, अजून फोन केला नव्हता.

हर्षल_सीईटी

शून्यापाशी "टेस्ट फेल" लिहून सोडायचं नसतं. f''(0) = 0 आलं की तो इन्फ्लेक्शन पॉइंट. लिहायचं आणि पुढे जायचं. सीईटीला एवढा विचार करायला वेळ नसतो. आणि एक टिप: f' मधला x² सुरुवातीलाच दोन्ही बाजूंनी काढून टाका, तो नुसता अडचण करतो. (x - 1)(x - 3) एवढंच ठेवायचं. उत्तर तेच येतं, मी करून बघितलंय.

खडूफळा

हर्षल, तुझं उत्तर बरोबर आहे आणि कारण चूक. वर मृण्मयीताईंचं झालं तसंच. आज सगळ्यांचा हाच दिवस दिसतोय.

x^4 घे. शून्यापाशी त्याचाही दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य येतो. तुझ्या नियमाने तिथे इन्फ्लेक्शन पॉइंट हवा. पण ती तर सरळसरळ वाटी आहे, शून्यापाशी किमान. दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य आला याचा अर्थ "मी साक्ष देत नाही" एवढाच. मग पहिल्या साक्षीदाराकडे परत जायचं. शून्याच्या दोन्ही बाजूंना f' चं चिन्ह काय आहे ते बघायचं. मृण्मयीताईंच्या गणितात एकेक सोपा आकडा घालू:

```
x     :  -1     1/2      2      4
f'(x) :  40    1.5625   -20    240
```

उणे १ पाशी चढ, अर्ध्यापाशीही चढच. म्हणजे शून्य ओलांडताना चढाचा उतार झाला नाही. चढ क्षणभर सपाट झाला आणि पुन्हा चढ लागला. त्यामुळे तिथे कमालही नाही, किमानही नाही. १ ओलांडताना चढाचा उतार झाला, तिथे कमाल. ३ ओलांडताना उताराचा चढ झाला, तिथे किमान. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला हातही न लावता तिन्ही बिंदूंचा निकाल लागला.

आता तुझा x². तो इथे काढला तरी चाललं, कारण वर्गाचं चिन्ह कधी बदलत नाही, त्या बिंदूवर टेकडी-खळगा होणारच नव्हता. हीच सवय x^4 - 2x^2 ला लाव. तिथे f' = 4x(x^2 - 1) येतो. x काढून टाकलास तर शून्यापाशी असलेली कमाल किंमत कागदावरून गायब. हाती फक्त दोन किमान राहतात, १ आणि उणे १ पाशी. भागाकार करू नये, अवयव पाडावेत.

हर्षल_सीईटी

x^4 चं मान्य. पण या गणितात शून्यापाशी इन्फ्लेक्शन पॉइंट आहेच ना? मग मार्क का जातील?

खडूफळा

आहे. पण तो f'' शून्य आला म्हणून नव्हे, f'' ने तिथे चिन्ह बदललं म्हणून. 10x(2x^2 - 6x + 3) असं लिहून बघ. शून्याच्या जवळ कंस ३ च्या आसपास, म्हणजे धन. तेव्हा चिन्ह बाहेरच्या x चं. डावीकडे ऋण, उजवीकडे धन. ही एक ओळ लिहिलीस तर माझ्याकडून पूर्ण मार्क. नुसतं "f''(0) = 0, म्हणून" लिहिलंस तर अर्धा मार्क कापीन.

हर्षल_सीईटी

आमचे सर नाही कापत.

खडूफळा

तुमचे सर उदार आहेत.

गोदाकाठ

मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण तो "सपाट होऊन पुन्हा चढ" वाचून अंजनेरी आठवली. पायऱ्या संपल्या की मोठं पठार लागतं, अंजनीमातेचं देऊळ आहे, तळं आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं आलो वर, काढा डबे. मग बघतो तर समोर आणखी एक चढ उभा, वरचं देऊळ तिकडेच. सपाटी लागली म्हणजे माथा आला असं नाही, हे तेव्हा पोटऱ्यांना कळलं होतं.

नुसता_वाचक

गोदाकाठ, तुम्हाला कळलंय. f' = 0 म्हणजे पायाखाली सपाट आहे एवढंच. माथा आहे, दरी आहे की अंजनेरीचं पठार, ते दोन पावलं मागे आणि दोन पावलं पुढे बघूनच ठरतं.

पंचवटीकर

सगळे जाणकार बोलतायत म्हणून गप्प होतो. पण तुमचं उत्तरच चूक आहे. कमाल किंमत शून्य म्हणता? मी x = 4 घातलं. १०२४ वजा १२८० अधिक ३२० वजा १, ६३ येतं. ६३ हे शून्यापेक्षा मोठं नाही का? १० घातलं तर आणखी कितीतरी मोठं येतं. मग कमाल शून्य कशी?

नुसता_वाचक

तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त तुम्ही वेगळ्या प्रश्नाचं उत्तर काढताय. x ला मोकळं सोडलं तर हे फंक्शन उजवीकडे वर वर जातच राहतं आणि डावीकडे खाली खाली. अख्ख्या रेषेवरची सगळ्यांत मोठी किंमत असं काही इथे नाहीच. सर म्हणाले तसं, x = 1 पाशी आजूबाजूच्या शेजाऱ्यांत शून्य मोठं आहे, म्हणून ती स्थानिक कमाल.

मात्र x ला कुंपण घातलं असेल, म्हणजे "इथपासून इथपर्यंतच", तर तुमचा प्रश्न अगदी बरोबर ठरतो. तेव्हा कुंपणाच्या दोन्ही टोकांना जाऊन किंमत बघावीच लागते.

पंचवटीकर

मग पुस्तकात स्पष्ट लिहायला नको का, की "स्थानिक"? नुसतं कमाल किमान लिहून लोकांना फसवायचं.

खडूफळा

या तक्रारीत तथ्य आहे. बरीच पुस्तकं "स्थानिक" हा शब्द गिळतात. कुंपण दिलं नसेल तर स्थानिक समजायचं, असा रिवाज पडलाय.

सातपूरकर

नमस्कार मंडळी. माझं सातपूर एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. विषय कमाल-किमानचा चाललाय म्हणून विचारतो. एक मीटर बाय एक मीटरचा पत्रा असतो. चारही कोपऱ्यांतून चौकोन कापून बाजू वर वाकवायच्या आणि उघडा ट्रे करायचा. जास्तीत जास्त माल मावायला चौकोन केवढा कापायचा? आमचा मिस्त्री १५ सेंमी घेतो, त्याच्या वस्तादाने सांगितलं म्हणून. बरोबर आहे का?

नुसता_वाचक

काका, हे तर याच धड्यातलं गणित. मीटरमध्ये धरू. x चा चौकोन कापला तर उंची x आणि तळ (1 - 2x) चा चौरस.

```
V  = x(1 - 2x)^2
V' = (1 - 2x)(1 - 6x)
```

शून्य होतं x = 1/2 आणि x = 1/6 ला. अर्धा मीटर कापला तर पत्राच उरत नाही, घनफळ शून्य. १/६ च्या आधी V' धन, नंतर ऋण, म्हणजे तिथे कमाल. १/६ मीटर म्हणजे साधारण १६.७ सेंमी. घनफळ २/२७ घनमीटर, सुमारे ७४ लिटर.

सातपूरकर

म्हणजे १५ चूक. मिस्त्रीला सांगतो.

नुसता_वाचक

थांबा, सांगू नका! १५ ला किती येतं ते बघा: ०.१५ गुणिले ०.७ चा वर्ग, म्हणजे ७३.५ लिटर. फरक अर्ध्या लिटरच्या आसपास. २० सेंमी कापलात तरी ७२ लिटर. टेकडीच्या माथ्यावर जमीन सपाट असते, म्हणून थोडं इकडेतिकडे सरकल्याने उंची फारशी घटत नाही. मिस्त्रीचा वस्ताद माथ्याजवळच उभा होता.

सातपूरकर

हे झकास. पण वाकवताना पत्रा ताणतो, वरची कड दुमडायला दीडेक सेंमी जातो, शिवाय कोपऱ्याला वेल्डिंगसाठी पट्टी ठेवतो. ते धरून किती येईल?

नुसता_वाचक

कड दुमडली की उंची x राहणार नाही, x - 0.015 होईल, मग समीकरणच बदलतं. कोपऱ्यातल्या पट्टीने घनफळ बदलत नाही, वाया जाणारा पत्रा बदलतो. ताण किती येतो ते पत्र्याच्या जाडीवर आणि तुमच्या मशीनवर आहे. ते तुम्हीच मोजून सांगा, मग बसू.

मृण्मयी_इंदिरानगर

लेक आली. मैत्रिणीकडून दिवसाउजेडी काढलेला फोटो मागवला, वर टाकलाय. घातांक ३ च आहे. आणि कापलेली ओळ आता दिसतेय. गणिताचा "ब" भाग आहे: हेच फंक्शन, पण x उणे १ पासून २ पर्यंतच, दोन्ही टोकं धरून, आणि त्यातली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लहान किंमत विचारलीय. लेकीने वरचं सगळं वाचून लगेच लिहून टाकलं: मोठी शून्य, लहान उणे २८. बरोबर?

पंचवटीकर

बघा! कुंपण होतंच!

खडूफळा

होतं, पंचवटीकर, मानलं तुम्हाला. ताई, तिला विचारा, ३ हा आकडा उणे १ आणि २ यांच्या मध्ये येतो का?

मृण्मयी_इंदिरानगर

ती म्हणतेय "अय्यो". आता स्वतःच टाइप करतेय, थांबा.

काका, मी मृण्मयीची मुलगी. x = 3 कुंपणाबाहेर आहे म्हणून तो सोडायचा. मग आतले 0 आणि 1 आणि दोन्ही टोकं घेतली:

```
f(-1) = -12
f(0)  = -1
f(1)  = 0
f(2)  = -9
```

सगळ्यांत मोठी 0, x = 1 ला. सगळ्यांत लहान -12, x = -1 ला. पण x = -1 ला f' = 40 आहे, शून्य नाही. मग तिथे किमान कसं चालेल?

खडूफळा

शाबास, हा प्रश्न विचारलास हे उत्तरापेक्षा बरं. f' शून्य हवा ही अट आतल्या बिंदूंना. तिथे दोन्ही बाजूंना सरकायला जागा असते. चढ असेल तर मागे सरकून खाली जाता येतं, मग तो बिंदू किमान कसा राहील? टोकावर मागे जागाच नाही, कुंपण आहे. उणे १ वर चढ सुरू होतो आणि मागे जाता येत नाही, म्हणून तोच सगळ्यांत खालचा. असल्या गणितात कोणतीच टेस्ट लावायची गरज नाही. चार किमती काढल्यास, शेजारी ठेवल्यास, झालं. आणि f(0) घेतलास हेही बरं केलंस, पठार आहे म्हणून वगळायचं कारण नव्हतं.

हर्षल_सीईटी

सर, मग x = -1 ला स्थानिक किमानपण म्हणायचं का? आमच्या नोट्समध्ये टोकांना स्थानिक म्हणत नाहीत.

खडूफळा

काही पुस्तकं म्हणतात, काही म्हणत नाहीत. व्याख्येत "दोन्ही बाजूंना" लिहिलंय की "जिथे फंक्शन आहे तिथे", त्यावर ते आहे. मी स्वतः म्हणायचो.

नुसता_वाचक

मी नाही म्हणत. स्थानिक म्हणजे दोन्हीकडे शेजारी हवेत. कुंपणाला टेकून उभं राहणाऱ्याला एकच शेजारी.

खडूफळा

एक शेजारी असला तरी तो शेजारीच. त्याच्यापेक्षा मी खाली आहे की नाही, एवढंच बघायचं.

मृण्मयी_इंदिरानगर

लेक विचारतेय, पेपरात काय लिहू?

नुसता_वाचक

"ब" भागात सगळ्यांत लहान विचारलंय, स्थानिक नाही. उणे १२ लिही, x = -1 लिही, चारही किमती दाखव. आमचं भांडण तुझ्या पेपरात नको.

सातपूरकर

वाचकराव, मोजून आलो. कड दुमडायला १.२ सेंमी जातो, दीड नाही. ताण मिस्त्री म्हणतो "केसभर". आता मांडा.